सायबर कॅफेत मेल उघडल्यावर नीट बाहेर कसं पडायचं

सोलापुरात विजापूर रोडच्या एका गल्लीत माझं झेरॉक्स आणि इंटरनेटचं छोटं दुकान आहे. दुकानात तीन मशीन. बहुतेक माणसं एकाच कामासाठी येतात: मेलवर काहीतरी आलेलं असतं आणि त्याची प्रिंट हवी असते. हॉल तिकीट, नेमणुकीचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट, रेल्वेचं तिकीट. पाच मिनिटांचं काम असतं. एसटी किंवा रिक्षा खोळंबलेली असते, म्हणून माणूस घाईत निघून जातो आणि मेल मात्र मशीनवर उघडाच राहतो.

मागच्या उन्हाळ्यात अक्कलकोटची एक मुलगी मुलाखतीच्या पत्राची प्रिंट काढायला आली होती. तिनं जीमेल उघडलं, पीडीएफ उतरवून घेतली, प्रिंट काढली, कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून खिडकी बंद केली आणि एसटी स्टँडकडे पळाली. दहा मिनिटांनी त्याच मशीनवर एका आजोबांसाठी मी दुकानाचा मेल उघडायला गेलो, तर वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या गोलावर क्लिक केल्यावर दुकानाच्या खात्याखाली तिचं खातंही दिसलं. त्यावर क्लिक केलं असतं तर तिचा अख्खा इनबॉक्स माझ्यासमोर उघडला असता, आणि पासवर्ड कुणी विचारला नसता.

तिच्या हातून नेमकं काय राहून गेलं, हे कळलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप समजतात.

खिडकी बंद केली म्हणजे बाहेर पडलो असं नाही

तुम्ही पासवर्ड टाकता तेव्हा गूगल त्या मशीनवरच्या ब्राउझरला एक छोटी खूण देतं. तिला कुकी म्हणतात. ‘हा माणूस ओळख पटवून आत आलेला आहे, त्याला पुन्हा विचारू नका,’ एवढंच ती खूण सांगते. ही कुकी मशीनच्या डिस्कवर लिहिलेली असते. खिडकी बंद केली, मशीन बंद केलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू केलं, तरी ती तिथंच असते. ‘Sign out’ केलं की ती रद्द होते.

लाईट गेली तरी हेच होतं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही. मेल उघडा असताना मशीन धाडकन बंद पडलं की गिऱ्हाईक म्हणतं, ‘गेलं की ओ सगळं!’ आणि निघून जातं. गेलेलं काहीच नसतं. लाईट आल्यावर क्रोम ‘Restore pages?’ विचारतं आणि एका क्लिकवर तीच पानं परत उघडतात. ते क्लिक केलं नाही तरी जीमेलचा पत्ता टाकला की इनबॉक्स उघडतो, कारण कुकी डिस्कवर शाबूत असते.

बाहेर पडण्याची तयारी आत जाताना

लोक मला विचारतात, ‘काका, शेवटी कुठलं बटण दाबायचं?’ माझं उत्तर असं, की शेवटचं बटण सोपं व्हावं असं वाटत असेल तर पहिली खिडकी बरोबर उघडा.

क्रोम किंवा एजमध्ये `Ctrl+Shift+N` दाबा. फायरफॉक्समध्ये `Ctrl+Shift+P`. काळी किंवा गडद खिडकी उघडते. क्रोममध्ये तिला इन्कॉग्निटो म्हणतात, एजमध्ये इनप्रायव्हेट. या खिडकीतली कुकी तात्पुरतीच राहते आणि अशा सगळ्या खिडक्या बंद झाल्या की संपते. लाईट गेली तरी संपते. शिवाय दुकानाचं स्वतःचं खातं साध्या खिडकीत उघडं असलं तरी या खिडकीत ते येत नाही, म्हणून दोघांच्या खात्यांची सरमिसळ होत नाही.

एक गोष्ट मात्र आधी बघा. तुमच्या आधी बसलेल्या माणसाची इन्कॉग्निटो खिडकी खाली टास्कबारवर दडून राहिलेली असू शकते. अशा सगळ्या खिडक्यांची कुकी एकच असते. म्हणजे त्याची खिडकी उघडी असताना तुम्ही नवी उघडली, तर त्याचं खातं तुमच्या खिडकीत दिसेल. आणि तुम्ही तुमची एकच खिडकी बंद करून गेलात, तर तुमचं खातं त्याच्या खिडकीत जिवंत राहील. म्हणून बसल्याबसल्या टास्कबारवरच्या ब्राउझरच्या चित्रावर माउस न्या, किती खिडक्या उघड्या आहेत ते बघा, आणि गडद असतील तेवढ्या बंद करून मग आपली नवी उघडा. मालकाला विचारून करा म्हणजे कुणाचं अर्धवट काम जाणार नाही.

आता त्या खिडकीत `mail.google.com` उघडून लॉगिन करा. दोन टप्प्यांची पडताळणी चालू असेल तर मोबाइलवरच्या कोडसोबत ‘Don't ask again on this device’ अशी एक चौकट येते आणि ती बऱ्याचदा आधीच टिक केलेली असते. ती टिक काढा. आउटलुक वापरणाऱ्यांना ‘Stay signed in?’ असा प्रश्न येतो, तिथं ‘No’ म्हणा. याहूच्या लॉगिन पानावर ‘Stay signed in’ची टिक असते, तीही काढा.

साध्या खिडकीत लॉगिन झालंच असेल तर

घाईत साध्याच खिडकीत लॉगिन होतं, माझ्या दुकानातही निम्म्याहून जास्त लोकांचं होतं. तिथं दोन प्रश्न समोर येतात आणि दोन्हीला ‘नाही’ म्हणायचं असतं.

पहिला, ‘Save password?’. यात ‘Never’ दाबा. पुष्कळ दुकानांत क्रोम मालकाच्या गूगल खात्याला जोडलेलं असतं. तिथं ‘Save’ दाबलं तर तुमचा पासवर्ड त्या मशीनपुरता राहत नाही. तो मालकाच्या खात्यात जमा होतो आणि त्याच्या घरच्या लॅपटॉपवर, मोबाइलवरही पोचू शकतो. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो. चुकून दाबलं गेलं असेल तर पत्त्याच्या पट्टीत हे टाका:

```
chrome://password-manager/passwords
```

यादीत google.com शोधा, त्यात आपला मेल आयडी दिसला तर तेवढाच ‘Delete’ करा. आत जाताना मशीन विंडोजचा पासवर्ड मागू शकतं. मग मालकाला बोलवा आणि सरळ सांगा, ‘माझा पासवर्ड सेव्ह झालाय, काढून द्या.’ यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरा प्रश्न क्रोमचा. तुमच्या खात्यानं क्रोममध्येच साइन इन करू का, किंवा तुमच्यासाठी नवीन प्रोफाइल बनवू का, असं तो विचारतो. नको म्हणा. मेल वाचायला त्याची गरज नाही, आणि हो म्हटलं तर तुमच्या खात्यात साठवलेले इतर पासवर्डही त्या मशीनवर वापरता येऊ शकतात.

आता बाहेर पडणं. जीमेलमध्ये वर उजवीकडे आपल्या फोटोच्या किंवा आद्याक्षराच्या गोलावर क्लिक करा आणि ‘Sign out’ दाबा. त्यानंतर गूगलचं जे पान येतं त्यावर तुमचं नाव, मेल आयडी आणि ‘Signed out’ असं दिसतं. खातं बंद झालं, पण तुमचा आयडी पुढच्या माणसाला वाचता येतो. त्याच पानावर ‘Remove an account’ आहे. ते दाबलं की नावासमोर वजा चिन्ह येतं, त्यावर क्लिक करून होकार द्या. आता नावही गेलं.

खात्री करायची तर पुन्हा `mail.google.com` टाका. मेल आयडी किंवा पासवर्ड विचारला तर तुम्ही बाहेर आहात. मागे जाण्याचा बाण दाबून बघू नका. जुनं पान क्षणभर दिसतं आणि माणूस उगाच घाबरतो. दिसलंच तर `F5` दाबा, पासवर्डचं पान येईल.

दुकानाचं खातं आधीच उघडं असतं तेव्हा

अक्कलकोटच्या मुलीचं घोडं इथंच अडलं. साध्या खिडकीत माझ्या दुकानाचं खातं आधीपासून उघडं होतं. तिनं गोलावर क्लिक करून ‘Add another account’मधून आपलं खातं जोडलं. असं झालं की ब्राउझरच्या पत्त्यात फरक दिसतो. पहिलं खातं

```
mail.google.com/mail/u/0/
```

वर असतं आणि नंतर जोडलेलं `u/1` वर. तुमच्या इनबॉक्सच्या पत्त्यात `u/1` किंवा `u/2` दिसलं, तर समजा या ब्राउझरमध्ये आणखी कुणाचं तरी खातं उघडं आहे.

अशा वेळी नुसतं आपल्यापुरतं बाहेर पडण्याचं बटण सापडत नाही. गोलाखाली ‘Sign out of all accounts’ दिसतं, आणि ते दाबलं की दुकानाचंही खातं बाहेर पडतं. मग मालक वैतागतो. त्याला पुन्हा पासवर्ड टाकावा लागतो, कोड मागवावा लागतो. गिऱ्हाइकांना हे माहीत असतं, म्हणून भिडेपोटी ते बटण दाबत नाहीत आणि खिडकी बंद करून जातात. ती मुलगी मला नंतर म्हणाली, ‘काका, तुमचं पण बंद होईल असं वाटलं, म्हणून नाही दाबलं.’

दुकानदार म्हणून सांगतो, बिनधास्त दाबा. मला पुन्हा लॉगिन करायला एक मिनिट लागतं. तरीही संकोच वाटत असेल तर दुसरा रस्ता तुमच्या मोबाइलमध्ये आहे आणि त्यात फक्त तुमचंच खातं बाहेर पडतं. तो पुढे सांगतो.

फाईल मागे राहते

मेल बंद झाला तरी उतरवलेली पीडीएफ मशीनवर राहते. इन्कॉग्निटोमध्येही राहते. तो फक्त पानांचा माग ठेवत नाही, फाईलला हात लावत नाही. आधार कार्ड, बँक स्टेटमेंट किंवा सही केलेलं पत्र असेल तर मागे राहिलेली फाईल उघड्या मेलइतकीच घातक.

शक्यतो उतरवूच नका. जीमेलमध्ये जोडलेल्या फाईलवर क्लिक केलं की ती मोठी उघडते आणि वर प्रिंटरचं चित्र दिसतं. साधी पीडीएफ तिथूनच छापली जाते. उतरवावीच लागली तर निघण्यापूर्वी `Ctrl+J` दाबा. काय काय उतरवलं ते दिसेल आणि प्रत्येकासमोर फोल्डर उघडण्याची सोय असेल. या यादीतून नाव काढलं म्हणजे फाईल गेली असं धरून चालू नका. फोल्डर उघडा, फाईल निवडा आणि `Shift+Delete` दाबा. नुसतं `Delete` दाबलं तर ती रिसायकल बिनमध्ये जाते आणि कुणीही परत काढू शकतो.

एकाच फाईलवर दोनदा क्लिक झालं तर नावापुढे `(1)` लागून दुसरी प्रत तयार होते, म्हणून आजूबाजूला बघा. प्रिंटर दुसऱ्या मशीनला जोडलेला असेल तर मालकानं फाईल तिकडे किंवा व्हॉट्सॲपवर घेतली असेल. त्यालाच विचारा आणि समोर काढायला सांगा.

मोबाइलवरून दुकानाच्या मेलवर फाईल पाठवली तर लॉगिनची भानगडच उरत नाही. माझ्या मते नुसत्या प्रिंटसाठी हाच सगळ्यात बरा मार्ग. फक्त ती प्रत दुकानाच्या इनबॉक्समध्ये बसते, तेव्हा तीही काढायला सांगा.

साइन आऊट करूनही उरणारा धोका

काही मशीनवर दाबलेली प्रत्येक कळ नोंदवून ठेवणारा प्रोग्राम असू शकतो. त्याला कीलॉगर म्हणतात. तो मालकानंच टाकलेला असतो असं नाही, एखादं गिऱ्हाईकही पेन ड्राइव्हवरून टाकून जातं. कीलॉगर असेल तर इन्कॉग्निटो, साइन आऊट, सगळं नीट करूनही पासवर्ड गेलेलाच असतो. तुम्हाला तो ओळखता येणार नाही. म्हणून अनोळखी मशीनवर पासवर्ड टाइप केला असेल तर त्याच दिवशी आपल्या मोबाइलवरून तो बदला आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू ठेवा. बँकेचं खातं मात्र कॅफेच्या मशीनवर उघडू नका.

सायबर कॅफेसाठी २०११ सालचे केंद्र सरकारचे नियम आहेत. त्यानुसार आम्हाला ओळखपत्र बघून नोंदवहीत नोंद करावी लागते, आणि कुठल्या मशीनवरून कुठल्या साइट उघडल्या त्याची नोंद किमान एक वर्ष ठेवावी लागते. ब्राउझरची हिस्टरी पुसली तरी ही नोंद वेगळीच राहते. त्यात तुमच्या मेलचा मजकूर नसतो.

मोबाइलवरून दूरचं मशीन बंद करणं

त्या दिवशी नोंदवहीतून नंबर काढून मी अक्कलकोटच्या त्या मुलीला फोन लावला. गाडी कुंभारी ओलांडून पुढे गेली होती.

‘ताई, तुमचा मेल माझ्या मशीनवर उघडाच राहिलाय की ओ. मी हात लावलेला नाही. तुमच्या मोबाइलवरून बंद करा, मी सांगतो तसं.’

हातातल्या मोबाइलवर तिचं तेच खातं होतं. जीमेल ॲप उघडून वरच्या गोलावर, मग ‘Manage your Google Account’वर जायला सांगितलं. वरच्या पट्टीत सरकून ‘Security’, त्यात खाली ‘Your devices’ आणि ‘Manage all devices’. हे खातं जिथं जिथं उघडं आहे किंवा गेल्या काही आठवड्यांत होतं, ती सगळी यंत्रं या यादीत दिसतात.

तिला आपला मोबाइल दिसला आणि खाली ‘Windows’ असं एक यंत्र. ‘काका, यात पुणे लिहिलंय, हे तुमचं नसेल.’ हे नेहमी होतं. ते ठिकाण इंटरनेट कंपनीच्या जोडणीवरून अंदाजानं काढलेलं असतं, म्हणून सोलापूरच्या मशीनसमोर पुणे किंवा मुंबई दिसू शकतं. ठिकाणापेक्षा वेळ बघा. शेवटचा वापर थोड्याच वेळापूर्वीचा होता, ब्राउझर क्रोम होता आणि तिच्याकडे विंडोजचा दुसरा संगणक नव्हता. मग शंका उरली नाही. तिनं त्यावर टॅप केलं, ‘Sign out’ दाबलं, पुन्हा विचारल्यावर होकार दिला. मी इकडे पान ताजं केलं. तिच्या नावासमोर ‘Signed out’ आलं, दुकानाचं खातं तसंच उघडं राहिलं. तिला सांगून मी तिचं नावही यादीतून काढलं.

तुमच्या यादीत एकाच मशीनच्या दोन-तीन नोंदी दिसल्या तर सगळ्यांना ‘Sign out’ करा. आउटलुकवाल्यांना अशी सोय `account.microsoft.com`वर सुरक्षेच्या विभागात ‘Sign me out’ नावानं मिळते, पण ती लागू व्हायला २४ तास जाऊ शकतात. घाई असेल तर तिथं पासवर्डही बदला.

मेल बराच वेळ उघडा राहिला असेल तर एवढ्यावर थांबू नका. मधल्या वेळात कुणी तुमचे मेल परस्पर आपल्याकडे वळवून घेतले असतील, तर पासवर्ड बदलूनही ते जातच राहतात. घरच्या किंवा मित्राच्या संगणकावर जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘Forwarding and POP/IMAP’ आणि ‘Filters and Blocked Addresses’ ही दोन पानं बघा. आपण न टाकलेला पत्ता किंवा नियम दिसला तर काढून टाका. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आणि पर्यायी मेल आपलाच आहे ना, तेही बघा. त्या मेलचा वापर करून पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके ते पैसे रोखणं अवघड.

वळसंग आलं तेव्हा तिनंच पुन्हा फोन केला. घरी गेल्यावर पासवर्ड बदलते म्हणाली, आणि मग थोडं थांबून तिनं विचारलं, ‘काका, ते पत्र? त्यावर माझा पत्ता आणि जन्मतारीख आहे.’ मोबाइलवरून साइन आऊट केल्यानं फाईल जात नाही, हे तिला बरोबर कळलं होतं. मी फोन चालू ठेवूनच डाउनलोडचं फोल्डर उघडलं. घाईत दोनदा क्लिक झालं होतं, त्यामुळे पत्राच्या दोन प्रती होत्या, दुसरीच्या नावात `(1)`. तिला दोन्ही नावं वाचून दाखवली, ती हो म्हणाली, आणि `Shift+Delete` केलं.